चवथीहून परत आल्यावर पीसीचं घड्याळ चुकलंय? मग मदरबोर्डावरचा सेल बघा

चवथीला गावच्या घरी जाताना आपण मेन स्विच बंद करूनच निघतो, विजा कडाडतात त्यामुळे ते बरोबरच आहे. पण परत येऊन पीसी लावला की तारीख भलतीच, ब्राउझर प्रत्येक साइटवर `NET::ERR_CERT_DATE_INVALID` ओरडतोय, कधी काळ्या स्क्रीनवर `CMOS Checksum Error` येतो. यात व्हायरस वगैरे काही नसतं, मदरबोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपलेला असतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत पीसी बंद असला तरी घड्याळाला पॉवर सप्लायमधून करंट मिळतो, म्हणून मेलेला सेल कित्येक महिने कळतच नाही.

खात्री करायची तर वेळ नीट लावा आणि एक रात्र पीसी बंद पण बटण चालू ठेवा, दुसऱ्या रात्री बटणही बंद करा. पहिल्या रात्रीनंतर वेळ बरोबर आणि दुसऱ्या रात्रीनंतरच चुकली तर सेलच. घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असेल आणि पीसीवर लिनक्सही असेल तर सेलला हात लावू नका, तो टाइमझोनचा घोळ आहे.

सेल सीआर२०३२ आणा, ३ व्होल्टचा. सीआर२०२५ सुद्धा ३ व्होल्टचाच असतो पण पातळ असल्यामुळे ढिला बसतो. सेल काढला की बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग्ज रिसेट होऊ शकतात, म्हणून त्या अजून जागेवर असतील तर आधी बायोसच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग प्लग काढा, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच साइडचं पॅनल उघडा. सेल बहुतेक ग्राफिक्स कार्डाच्या आसपास असतो, बाजूची क्लिप नखाने दाबली की वर उचलतो, स्क्रूड्रायव्हर घालू नका. आपल्याकडच्या दमट हवेत होल्डरच्या पत्रीवर हिरवट थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा होऊ द्या, नाहीतर नवा सेलही रुसेल. नवा बसवताना प्लसची बाजू वर.

खरी गडबड पुढे होते. मावशीच्या म्हापशातल्या झेरॉक्सच्या दुकानात सेल बदलल्यावर वेळ ठीक झाली पण विंडोज निळ्या स्क्रीनवर `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` म्हणून अडलं, कोणीतरी लगेच फॉरमॅट मारा म्हणालं. फॉरमॅट अजिबात मारू नका! विंडोज टाकलं तेव्हा बायोसमध्ये SATA मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कसं बोलायचं ती सेटिंग, `RAID` होता आणि रिसेट झाल्यावर बोर्ड `AHCI` वर गेलं होतं. मोड परत `RAID` केला, एफ१० दाबून सेव्ह केलं, सगळी बिलं जशीच्या तशी. तुमच्याकडे उलटंही असू शकतं, म्हणून एकाने चालत नसेल तर दुसरा लावून बघा.

लॅपटॉपमध्ये हाच सेल बऱ्याचदा वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो, तिथे आधी मोठ्या बॅटरीचा कनेक्टर काढा आणि नवा घेताना लाल-काळी वायर जुन्यासारखीच आहे का बघा. काही लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच.

जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप लावून ई-कचऱ्यात द्या, घरात लहान मूल असेल तर टेबलावर क्षणभरही ठेवू नका, गिळला तर अन्ननलिका जळते आणि तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.