वर्गबहुपदीच्या आलेखात b नेमकं काय करतो? जिओजेब्रावर स्वतः पाहा

दहावीच्या वर्गात y = ax² + bx + c चा आलेख फळ्यावर काढून झाला, की बहुतेकांच्या मनात एक सोपी वाटणी तयार होते. a मुळे आलेख अरुंद किंवा रुंद होतो, c मुळे वर-खाली जातो, म्हणजे उरलेला b त्याला डावी-उजवीकडे सरकवत असणार. यातला c बरोबर आहे, a अर्धा बरोबर आहे, आणि b चुकीचा आहे. फळ्यावर ही चूक पकडणं कठीण असतं, कारण b ची प्रत्येक नवी किंमत म्हणजे नवी सारणी आणि नवी आकृती. स्क्रीनवर मात्र ती काही क्षणांत उघडी पडते.

त्यासाठी जिओजेब्रा वापरू. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात हे सॉफ्टवेअर सुरू केलं. घरी, शाळेत ते फुकट वापरता येतं आणि ब्राउझरमध्येच चालतं. `geogebra.org/classic` हा पत्ता उघडा. मोबाइलवरही जमेल, पण बिंदूचा माग काढायला लॅपटॉप किंवा वर्गातला मोठा पडदा सोयीचा.

आधी मांडणी करून घ्या

डावीकडच्या इनपुटच्या जागेत पुढच्या ओळी एकेक करून टाइप करा आणि प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबा.

```
a=1
b=2
c=3
f(x)=a*x^2+b*x+c
V=(-b/(2*a), c-b^2/(4*a))
SetAxesRatio(1,1)
```

पहिल्या तीन ओळींतून तीन स्लायडर तयार होतात. ते आपोआप -5 ते 5 पर्यंत, 0.1 च्या पायऱ्यांनी सरकतात. चौथ्या ओळीने अन्वस्त उमटतो, आणि V हा त्याचा शिरोबिंदू. शेवटची ओळ दोन्ही अक्षांवरचं एकक सारखं ठेवते. ती वगळू नका. एक अक्ष ताणला गेला असेल तर तोच अन्वस्त पसरट किंवा निमुळता दिसतो, आणि आकाराबद्दल काही बोलायला आधारच राहत नाही.

V च्या ओळीतले कंसही जसेच्या तसे टाइप करा. `-b/2*a` असं लिहिलं तर आधी b ला 2 ने भागलं जातं आणि मग a ने गुणलं जातं. a = 1 असताना दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून ही चूक सुरुवातीला दिसत नाही. a चा स्लायडर 2 वर न्या. V आलेखाच्या टोकावरच राहिला तर सूत्र बरोबर आहे. तो वक्रावरून सुटून बाजूला पडला तर कंस तपासा. मग a पुन्हा 1 करा.

c : एकदा सरकवा आणि पुढे चला

c वाढवला की संपूर्ण वक्र तेवढाच सरळ वर जातो, कमी केला की तेवढाच खाली येतो. एवढंच ध्यानात ठेवा, की x = 0 घेतल्यावर y ची किंमत c च उरते. त्यामुळे (0, c) हा बिंदू कायम आलेखावर असतो. b समजून घ्यायला हाच बिंदू उपयोगी पडणार आहे. c परत 3 वर आणा.

b : स्लायडरला हात लावण्याआधी अंदाज लिहा

वर्गात घेत असाल तर इथे थांबा. b हा 2 वरून 4 केला तर शिरोबिंदू कुठे जाईल, हे प्रत्येकाला वहीत लिहू द्या. दिशा लिहिली तरी पुरे. अंदाज न बांधता स्लायडर ओढला तर डोळ्यांना हालचाल दिसते, पण मनातली जुनी समजूत जागची हलत नाही.

आता शिरोबिंदूचा माग सुरू करा आणि b सावकाश -5 पासून 5 पर्यंत न्या.

```
SetTrace(V, true)
```

V मागे ठिपके सोडत जातो. ते ठिपके आडव्या रेषेत पडत नाहीत. त्यांची कमान होते, आणि ती खाली उघडणारी असते. a = 1, c = 3 असताना b = -4 ला शिरोबिंदू (2, -1) वर असतो, b = -2 ला (1, 2) वर, b = 0 ला (0, 3) वर. तिथून पुढे तो उतरू लागतो : b = 2 ला (-1, 2) आणि b = 4 ला (-2, -1). शिरोबिंदू आडवाही सरकतो आणि त्याच वेळी वर-खालीही होतो.

ही कमान कोणती, ते बीजगणित दोन ओळींत सांगतं. शिरोबिंदूवर x = -b/2a, म्हणजेच b = -2ax. ही किंमत y = ax² + bx + c मध्ये घाला. ax² - 2ax² + c, म्हणजे y = c - ax² उरतं. मूळ अन्वस्ताएवढाच, पण उलटा, आणि ज्याचं टोक (0, c) वर आहे असा हा अन्वस्त. तो काढून पाहा :

```
g(x)=c-a*x^2
```

सगळे ठिपके या वक्रावर चपखल बसतात. पडदा सरकवला किंवा झूम केला की माग पुसला जातो, हे मात्र लक्षात असू द्या. टिकणारी रेघ हवी असेल तर `Locus(V, b)` टाइप करा. ती कमान मध्येच तुटल्यासारखी दिसेल, कारण स्लायडर -5 ते 5 एवढाच आहे. a = 1 असताना शिरोबिंदूचा x त्यामुळे -2.5 ते 2.5 च्या बाहेर जातच नाही.

असं का होतं

सूत्र पटलं तरी कारण डोळ्यांना दिसायला हवं. त्यासाठी एक रेषा काढा.

```
t(x)=b*x+c
```

b कितीही बदला, ही रेषा अन्वस्ताला (0, c) वर स्पर्श करूनच राहते. वाय अक्षाजवळ x लहान असतो आणि x² त्याहून फारच लहान. a = 1, b = 2 धरा. x = 0.1 घेतला तर bx होतो 0.2 आणि ax² फक्त 0.01. तिथे वक्र जवळजवळ t या रेषेसारखाच वागतो. म्हणजे वाय अक्ष ओलांडताना आलेखाचा चढ किती असावा, हे b ठरवतो. (0, 3) वर खिळलेल्या अन्वस्ताला तिथला चढ 2 वरून 4 करायचा असेल, तर त्याला डावीकडे आणि खाली उतरण्यावाचून मार्ग नाही. माझ्या मते b ची खरी ओळख हीच आहे, आणि ती शिरोबिंदूच्या सूत्राआधी करून द्यायला हवी.

b मुळे आकार बदलतो का?

b वेगाने फिरवला की वक्र डोलल्यासारखा वाटतो, आणि काही मुलांना तो वाकडातिकडा होतोय असंही वाटतं. नजरेवर विसंबू नका, मोजून पाहा. शिरोबिंदूपासून एक एकक उजवीकडे गेलं की आलेख किती चढतो, ते स्क्रीनवर आणा.

```
P=(x(V)+1, f(x(V)+1))
h=y(P)-y(V)
```

b आणि c हवे तसे फिरवा. h ची किंमत हलत नाही. a = 1 असेल तर ती 1 च राहते, a = 2 केल्यावर 2 होते. h म्हणजे दुसरं काही नसून a च आहे. b आणि c वक्राला फक्त जागेवरून हलवतात, आकाराला हात लावतात तो एकटा a.

a : आकार बदलतो, पण जागाही सोडतो

मागचे ठिपके पुसण्यासाठी पडदा जरासा सरकवा. b = -4 आणि c = 3 ठेवा. a हा 1 वरून 2 केला की वक्र अरुंद होतो, हे अपेक्षित होतं. पण V कडे पाहा. तो (2, -1) वरून (1, 1) वर आलेला असतो. a = 0.5 ला तो (4, -5) वर असतो, आणि a = -1 ला वक्र उलटतो तेव्हा (-2, 7) वर. हे चारही बिंदू y = -2x + 3 या सरळ रेषेवर आहेत. सर्वसाधारणपणे ही रेषा y = (b/2)x + c अशी असते. b = 0 असेल तेव्हा शिरोबिंदू (0, c) वरच थांबतो, आणि पाठ्यपुस्तकात a चा परिणाम दाखवताना बहुतेक वेळा y = ax² हेच उदाहरण घेतात. म्हणून a फक्त रुंदी बदलतो असा समज होतो.

a शून्याकडे न्याल तेव्हा घाई करू नका. स्लायडर एकदा टिचकीने निवडून कीबोर्डच्या बाणांनी एकेक पायरी सरकवा. a = 0.1 ला शिरोबिंदू (20, -37) वर, म्हणजे पडद्याच्या बराच बाहेर जातो. a = 0 झाला की अन्वस्ताची y = -4x + 3 ही सरळ रेषा होते आणि V नाहीसा होतो, कारण सूत्रात शून्याने भागाकार आला. हा सॉफ्टवेअरचा बिघाड नाही. वर्गसमीकरणाच्या व्याख्येत a ≠ 0 ही अट कशासाठी असते, ते मुलांना इथे दिसतं. पुढची पायरी a = -0.1, आणि शिरोबिंदू एकदम डावीकडे दूर, (-20, 43) वर असतो. त्या टोकापासून या टोकापर्यंत तो मधून कुठूनही गेलेला नसतो.

स्लायडर जिथे पोचत नाही

विवेचकही याच मांडणीत दाखवता येतो.

```
D=b^2-4*a*c
Root(f)
```

a = 1, c = 3 ठेवून b वाढवत न्या. 3.4 ला D = -0.44 असतो आणि आलेख एक्स अक्षाच्या वर तरंगतो. 3.5 ला D = 0.25 होतो आणि दोन छेदबिंदू मिळतात. अक्षाला नुसता स्पर्श होतो ती स्थिती मधल्या मधे निसटते. स्लायडरच्या सेटिंगमध्ये पायरी 0.01 केली तरी 3.46 ला D ऋण राहतो आणि 3.47 ला धन होतो. स्पर्शासाठी b² = 12 हवं, आणि 12 चं वर्गमूळ अपरिमेय असल्यामुळे दशांशाच्या कोणत्याही पायरीवर ते सापडणार नाही. समान मुळं दाखवायची असतील तर c = 4 करा. मग b = 4 ला D बरोबर शून्य होतो आणि शिरोबिंदू (-2, 0) वर, एक्स अक्षावर टेकतो.