पुरवठादार कमी खोके द्यायला तयार होत नव्हता: माझा अनुभव

नाशिकच्या सातपूरला माझा चिवड्याचा छोटा कारखाना आहे. छापील खोके एकदम 6000 घ्यावे लागत, 12 रुपये नगाप्रमाणे 72,000 रुपये अडकत. जागा नाही, त्यात पावसाळ्यात खालच्या थराला ओल धरून पुठ्ठा मऊ पडे.

"थोडे थोडे द्या" म्हणून पाहिलं, नकार. दर वाढवून देतो म्हटलं, तरी नकार. फार वैताग आला होता.

मग अंबडला पुरवठादाराकडे जाऊन विचारलं, "भाऊ, अडचण नेमकी कुठे आहे?" तेव्हा कळलं, छपाईसाठी मशीन लावायला वेळ जातो, म्हणून कमी नग परवडत नाहीत, शिवाय उरलेला माल गळ्यात पडायची भीती.

म्हणून ऑर्डर 6000 चीच ठेवली. छपाई एकदाच, माल त्यांच्याकडे, दर पंधरा दिवसांनी गुरुवारी 1500. त्या दिवशी त्यांचा टेम्पो सातपूरला येतोच. शेवटच्या खेपेचे 18,000 आगाऊ दिले, बाकी प्रत्येक खेपेचे पोचल्यावर. दोन महिन्यांत सगळा माल उचलेन, हे परचेस ऑर्डरवर तारखांसह लिहून दिलं. तेव्हा ते तयार झाले.

आठवड्याला 750 खोके लागतात, तरी 300 जास्तीचे ठेवतो, कारण एक गुरुवार टेम्पो आलाच नव्हता. मजकूर बदलायचा असेल, तर मात्र आधीचे 6000 संपल्यावरच.