अर्धायुष्य, सरासरी आयुष्य आणि λ: या चुका टाळा

किरणोत्सर्गाच्या धड्यातली गणितं सोपी असतात. सूत्रं दोन, आकडा एक: 0.693. तरी पेपर तपासायला बसलं की त्याच त्या चुका, त्याच त्या जागी. आणि चुकणारी मुलं ढ नसतात. पाठांतर चोख असतं, फक्त प्रश्नात कुठला काळ दिलाय हे वाचायची कुणाला सवड नसते.

आधी तिघांची ओळख, मग तक्रारी. क्षय स्थिरांक λ म्हणजे एका अणुकेंद्रकाचा एकक काळात क्षय होण्याची शक्यता. सरासरी आयुष्य τ म्हणजे 1/λ. अर्धायुष्य T म्हणजे निम्मी केंद्रकं उरायला लागणारा काळ, 0.693/λ. म्हणून T = 0.693 τ आणि उलट बाजूने τ = 1.44 T. अर्धायुष्य नेहमी सरासरी आयुष्यापेक्षा लहान. का, तर थोडी केंद्रकं फार लांबपर्यंत तग धरतात आणि सरासरी वर ओढतात. सरासरी आयुष्याएवढा काळ गेला की 37% उरतात, म्हणजे 63% त्याआधीच गेलेली असतात. गुणायचं की भागायचं असा गोंधळ झाला तर मी सूत्र आठवत बसत नाही. उत्तर लिहिल्यावर T लहान आलाय ना, एवढंच बघतो.

सरासरी आयुष्याला अर्धायुष्य समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिचं मूळ असं की वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं वेगवेगळा काळ सांगतात. कोबाल्ट-60 चा 5.27 वर्षं हा आकडा अर्धायुष्याचा, आयोडीन-131 चा 8.02 दिवस हाही अर्धायुष्याचा. पण मूलकणवाल्यांना सरासरी आयुष्य सोयीचं पडतं. म्युऑनचा 2.2 मायक्रोसेकंद हा आकडा τ आहे. मुक्त न्यूट्रॉनचा सुमारे 880 सेकंद हाही τ. त्याचं अर्धायुष्य साधारण 610 सेकंद, म्हणजे दहा मिनिटांच्या आसपास.

आता प्रश्न असा: स्थिर म्युऑनांपैकी 6.6 मायक्रोसेकंदांनंतर किती उरतील? घाईतलं मूल 6.6 ला 2.2 ने भागतं, 3 आले म्हणून खूश होतं आणि निम्मे, निम्मे, निम्मे करून 1/8, म्हणजे 12.5% लिहून मोकळं होतं. खरं उत्तर e⁻³, म्हणजे जेमतेम 5%. भागाकार सुटसुटीत आला हाच इथे सापळा असतो. पूर्णांक दिसला की मुलांना वाटतं, पेपर काढणाऱ्याने अर्धायुष्यच दिलंय. पेपर काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, हे मात्र ध्यानात येत नाही.

माझी सवय अशी की काळ दिसला की त्याच्या डोक्यावर T किंवा τ लिहायचं, आकडेमोडीला त्यानंतरच हात लावायचा. T असेल तर उरलेला भाग (1/2) चा t/T वा घात; τ असेल तर e चा −t/τ वा घात. जे दिलंय त्याचंच सूत्र वापरावं. दर वेळी λ काढून पुढे जायची काही गरज नसते; एक पायरी वाढते आणि चुकायला एक जागाही वाढते.

कार्बन-14 च्या वयाची गोष्टही यातलीच. त्याचं अर्धायुष्य 5730 वर्षं हे सगळ्यांना पाठ. पण प्रयोगशाळा पारंपरिक रेडिओकार्बन वय काढताना सूत्रात 8033 वर्षं घेतात. ते पाहून एखादा हुशार 5730 ला 1.44 ने गुणतो, त्याला सुमारे 8250 मिळतात आणि तो प्रयोगशाळेची चूक काढतो. चूक नसते. 8033 हे ही पद्धत शोधणाऱ्या लिबीच्या जुन्या 5568 वर्षांच्या अर्धायुष्याचं सरासरी आयुष्य आहे. सगळ्यांची वयं एकाच मापाने मोजली जावीत म्हणून संकेताने ते तसंच ठेवलंय, आणि खरं वय पुढे झाडांच्या वलयांशी वगैरे पडताळून दुरुस्त करतात. परीक्षेत मात्र जे अर्धायुष्य दिलंय तेच घ्यायचं.

आलेखाचा उतार म्हणजेच λ असं धरणं

एका प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक म्हणून बसलो होतो. प्रयोग बेरियम-137m चा. सीझियम-137 च्या साठ्यातून ते द्रावणाने धुऊन काढायचं आणि गायगर काउंटरखाली धरायचं. अर्धायुष्य अडीच मिनिटांच्या जरा वर, त्यामुळे तासिकेत प्रयोग आटोपतो. एका मुलाने फाइल पुढे केली. आलेख देखणा, रेषा सरळ, अक्षर मोत्यासारखं. उत्तर: अर्धायुष्य 354 सेकंद.

मी त्याला म्हटलं, ‘‘आलेख राहू दे, तक्ता वाच.’’ पार्श्वभूमी वजा केलेले आकडे होते. सुरुवातीला 1200, मग 150 सेकंदांना 610 आणि 300 सेकंदांना 310.

‘‘1200 चे निम्मे किती?’’

‘‘600, सर.’’

‘‘ते कधी झाले?’’

तो तक्त्याकडे बघत राहिला. 150 सेकंदांच्या सुमारास निम्मे झालेले स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि खाली उत्तर 354.

झालं होतं असं की त्याने 10 पायाचे लॉगरिदम घेऊन आलेख काढला होता. 1200 चा लॉग 3.079, 310 चा 2.491, फरक 0.588. भागिले 300 सेकंद, म्हणजे उतार 0.00196. हाच λ समजून त्याने 0.693 ला या उताराने भागलं. पण N = N₀e^(−λt) मधला e आहे, 10 नाही. 10 पायाच्या आलेखाचा उतार λ/2.303 इतका असतो. उताराला 2.303 ने गुणलं की λ = 0.00451 प्रति सेकंद, T = 154 सेकंद आणि τ = 222 सेकंद. ज्ञात अर्धायुष्य 153 सेकंद, म्हणजे प्रयोग उत्तम झाला होता.

मला राग त्याच्या लॉगचा आला नाही. शेजारच्या टेबलावरही 354 च्या आगेमागेच उत्तर होतं, त्याच्या शेजारीही तसंच. आधीच्या तुकडीच्या वहीतून आकडेमोडीचा साचा उतरवायचा आणि त्यात आपले आकडे बसवायचे, हा प्रकार. साच्यातला 2.303 कुणाच्या तरी हातून कधीतरी गळला आणि मग तो गळलेलाच राहिला. म्हणून तक्त्यावर आधी नुसती नजर टाका आणि आकडा निम्मा कुठे होतो ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा. आलेखाचं उत्तर त्याच्या आसपास आलं नाही तर आलेख चुकलाय, तक्ता नाही. कॅल्क्युलेटरवरही हाच घोळ: `log` आणि `ln` ही दोन वेगळी बटणं आहेत, आणि 0.693 हा आकडा `ln` चा आहे.

पार्श्वभूमी वजा केली नाही तर लॉगचा आलेख शेवटी सपाट होत जातो आणि अर्धायुष्य उगाच मोठं येतं. वाकलेल्या आलेखात पट्टी ठेवून सरळ रेषा ओढू नका.

λ दिवसांत, उत्तर बेकरेलमध्ये

थायरॉइडच्या उपचारात वापरतात ते आयोडीन-131 घेऊ. एक मायक्रोग्रॅम शुद्ध आयोडीन-131 ची सक्रियता किती? अणू किती ते आधी: 10⁻⁶ भागिले 131, गुणिले 6.022 × 10²³, म्हणजे 4.6 × 10¹⁵. मग λ = 0.693/8.02 = 0.0864. इथवर सगळे बरोबर. पुढे A = λN करून 4 × 10¹⁴ बेकरेल लिहितात.

हा λ प्रति दिवस आहे. बेकरेल म्हणजे प्रति सेकंद एक क्षय. 0.0864 ला 86400 ने भागा, λ येतो 1.0 × 10⁻⁶ प्रति सेकंद आणि सक्रियता 4.6 × 10⁹ बेकरेल, म्हणजे सुमारे 124 मिलिक्युरी. चूक थोडीथोडकी नाही, शहाऐंशी हजार पटींची आहे. पण आकडा मोठाच येणार हे ठाऊक असल्याने कुणाला खटकत नाही. मी मुलांना λ च्या पुढे एकक लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू देत नाही, नुसता 0.0864 लिहिलेला दिसला की अर्धा गुण कापतो. कुरकुर होते, होऊ दे.

याच आयोडीनचं 10 दिवसांनी किती उरेल असं विचारलं तर मात्र सेकंदांत जायची अजिबात गरज नाही. तिथे t/T हे गुणोत्तर आहे, दोन्ही दिवसांत असले की पुरे: 10/8.02 = 1.247, उरतं 42%. तिथेही 86400 ने गुणत बसणारे असतात. ती चूक नव्हे, पण वेळ जातो.

अर्धायुष्याच्या निम्म्या काळात 25% जातं असं मानणं

जात नाही, 29.3% जातं. उरतं ते 1/√2, म्हणजे 70.7%. क्षय सरळ रेषेत होत नाही. त्याच चालीवर दोन अर्धायुष्यांत सगळं संपतं असं म्हणणारे अजूनही भेटतात.

दोन अर्धायुष्यांची बेरीज करणं

आयोडीन शरीरातून दोन वाटांनी कमी होतं: क्षयाने आणि उत्सर्जनाने. भौतिक अर्धायुष्य 8 दिवस आणि जैविक 80 दिवस दिलं, तर काही जण 88 लिहितात, काही सरासरी काढून 44. दोन वाटा एकाच वेळी उघड्या असताना माल लवकर संपायला हवा, उशिरा नव्हे. बेरीज करायची ती λ ची. 0.693 दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे थेट 1/T ची बेरीज केली तरी चालतं: 1/8 + 1/80 = 11/80, म्हणजे परिणामी अर्धायुष्य 7.3 दिवस. उत्तर दोन्हींतल्या लहान आकड्यापेक्षाही लहान आलं पाहिजे. सरासरी आयुष्यं दिली असतील तर त्यांच्या व्यस्तांची बेरीज अशीच करा. पण एका वाटेचं T आणि दुसऱ्या वाटेचं τ दिलं असेल, तर आधी दोन्ही एका जातीचे करून घ्या. असा मिसळलेला प्रश्न मी दर चाचणीत एक तरी घालतो.