गणात बसली, गळ्यात अडली: रंगमंचासाठी गाणं भाषांतरित करताना या चुका टाळा

एक ओळ घेऊ, याच लेखासाठी रचलेली: ‘अँड युअर व्हॉइस इज स्टिल देअर इन द स्काय’. तू गेलास, पण तुझा आवाज अजून आकाशात आहे, असा प्रसंग. चाल साधी आहे. दोन स्वर चटकन, तिसरा लांब, असं तीनदा. शेवटचा ‘स्काय’ सर्वांत वरच्या स्वरावर आहे आणि तिथे गायक चार मात्रा थांबतो.

लघु लघु गुरू म्हणजे सगण. वृत्तं शिकलेला भाषांतरकार खूश होतो आणि लिहितो: ‘तव सूर अजून नभी’. मोजून पाहा, तीन सगण चोख बसतात. पहिली चूक इथेच होते, ती म्हणजे कागदावर मोजून थांबणं. बोलताना आपण ‘सूर’मधल्या ‘र’चा शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही. त्याला लागून ‘अजून’चा ‘अ’ आला की तोंडातून ‘सूरजून’ असं काहीतरी निघतं आणि एक स्वर रिकामा राहतो. पुढे ‘अजून नभी’तले दोन ‘न’ एकमेकांना चिकटतात. शिवाय चालीचा प्रत्येक तुकडा शब्दाच्या मधोमध तुटतो: तव सू, र अजू, न नभी. प्रेक्षकाच्या हातात कागद नसतो. त्याला तुकडेच ऐकू येतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते: शेवटचा ‘भी’. वरच्या स्वरावर चार मात्रा ‘ई’ धरायची म्हणजे जीभ वर, तोंड अरुंद आणि गळा आवळलेला. ‘ऊ’चंही तेच, तिथे ओठ मिटत येतात. अनुभवी गायक जबडा सैल सोडून ती ‘ई’ ‘ए’कडे नेतो, मग ‘नभी’चं ‘नभे’ होतं. मूळ गाण्यात तिथे ‘स्काय’ का आहे ते आता कळेल: पूर्ण वेळ ‘आ’ धरायचा आणि ‘य’ अगदी शेवटी मिटवायचा. मराठीत हा सापळा जरा जास्तच आहे, कारण काव्यातली सप्तमी (नभी, मनी, वनी) आणि स्त्रीलिंगी क्रियापदं (गेली, आली) यांचा शेवट ‘ई’वरच होतो. लिहिताना ती आपोआप ओळीच्या टोकाला येऊन बसतात.

उपाय त्याच सप्तमीत आहे. ‘नभी’ऐवजी ‘गगनात’ घ्या. लांब स्वर ‘ना’वर येतो आणि ‘त’ शेवटी टेकतो. मग उरलेली ओळ मागच्या बाजूने रचत या: ‘घुमतो अजुनी गगनात’. आता घुमतो, अजुनी, गगना(त) असे तुकडे पडतात, शब्द आणि ताल एकाच जागी तुटतात. मधली ‘नी’ ‘ई’वर लांबते खरी, पण तो स्वर खालचा आहे, तिथे ‘ई’ सुखाने गाता येते. सरसकट ‘ई’ टाळायची गरज नाही.

‘तुझा आवाज’ मात्र ओळीतून गळला. तो त्याच ओळीत कोंबायचा हट्ट ही तिसरी चूक, आणि त्यातूनच ‘तव’सारखे शब्द व ‘गं’, ‘रे’, ‘हो’ अशी भरती येते. (‘गं’, ‘रे’मुळे ऐकणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हेही ठरून जातं, मूळ गाण्यात ते नसलं तरी.) चाल तीच असेल तर अर्थ आधीच्या ओळीत सरकवा: ‘जरि तू न इथे, स्वर हा / घुमतो अजुनी गगनात’. ‘तू’ पहिल्या ओळीत आला, दुसरीला जागा मिळाली.

लांबवल्यावर शब्द बदलतो का तेही पाहा. ‘दिन’ ताणला की ‘दीन’ ऐकू येतो, ‘मन’ ताणलं की ‘मान’. लांब स्वरावर मुळातच दीर्घ अक्षर ठेवलं की हा घोळ होत नाही.

तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी व्यंजनं काढून नुसते स्वर चालीवर गा: उ अ ओ, अ उ ई, अ अ आ. जिथे गळा अडतो तिथला शब्द बदला. मग साथीसकट ध्वनिमुद्रण करून, ओळी न वाचलेल्या माणसाला ऐकू येईल ते लिहून काढायला सांगा. त्याने ‘सूरजून’ लिहिलं तर ‘कवितेत असंच असतं’ म्हणून वाद घालू नका.

समूहगानात ‘गगनात’चा ‘त’ प्रत्येकाने आपापल्या वेळी म्हटला तर नुसती तडतड ऐकू येते. चौथी मात्रा संपताच ‘त’, अशी खूण संगीत दिग्दर्शकाकडून आधीच ठरवून घ्या आणि ओळीखाली पेन्सिलीने लिहून ठेवा.