या चुका टाळा: ‘वडील २००१ मध्ये वारले’ एवढं वाचून मुलीचा हिस्सा कापू नका

वारसा कायद्याच्या पेपरात हमखास येणारं उदाहरण घेऊ. मिताक्षरा एकत्र कुटुंब, वडील २००१ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. वडिलोपार्जित शेतीची वाटणी झालेली नाही. मुलीने आता वाटपाचा दावा लावला आहे. तिचा हिस्सा किती?

बरेच विद्यार्थी १/९ लिहून मोकळे होतात. त्यांचं गणित असं: वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी कल्पित वाटणी झाली असं धरायचं, वडील, आई आणि मुलगा यांना प्रत्येकी १/३. मग वडिलांचा १/३ तिघा वारसांत वाटायचा, म्हणून मुलीला १/९, आई आणि मुलाला प्रत्येकी ४/९. हिंदू वारसा कायद्याच्या जुन्या, २००५ च्या दुरुस्तीआधीच्या कलम ६ प्रमाणे हे बरोबर होतं.

चूक होते ती कल्पित वाटणीला खरी वाटणी समजण्यात. मयताचा हिस्सा काढण्यापुरती ती कल्पना. तिने सहदायिकी मोडत नाही. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (२०२०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आणि मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याने ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट काढून टाकली. म्हणून मुलगीही सहदायाद धरा: चौघांना १/४, वडिलांचा १/४ तिघांत, म्हणजे प्रत्येकी १/१२. बेरीज १/३. प्राथमिक हुकूमनामा झालेला असला आणि अंतिम हुकूमनाम्याचं काम चालू असलं, तरी हिस्से असेच बदलतात.

आता प्रतिवादी भाऊ सातबारा पुढे करतो: “वारस फेरफार झालाय, नावं वेगळी लागलीत, वाटणी कधीच झाली.” इथे घाई नको. फेरफार ही महसुली नोंद. तिने मालकी ठरत नाही. कलम ६(५) प्रमाणे २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी टिकते, पण ती नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. तोंडी वाटणीचा बचाव अपवादानेच चालतो, तोही सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर. नुसत्या तोंडी साक्षीवर नाही.

आणि हे सगळं गणित मांडण्याआधीचा प्रश्न, जो खरं तर पहिल्या ओळीत विचारायला हवा: मिळकत सहदायिकीची आहे का? आजोबांची स्वकष्टार्जित जमीन त्यांच्या १९५६ नंतरच्या मृत्यूने कलम ८ खाली वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हातात स्वतंत्र मिळकत ठरते (चंदर सेन, १९८६). मग कल्पित वाटणी नको, कलम ६ नको. आई, मुलगा, मुलगी यांना सरळ कलम ८ खाली १/३. आकडा तोच येतो, म्हणूनच चूक लपते. वडिलांनी ती जमीन मृत्युपत्राने एकट्या मुलाला दिली असती, तर मात्र मुलीच्या हाती काहीच राहिलं नसतं; सहदायिकीत वडिलांना फक्त आपला १/४ देता आला असता.