उंची ५.१० लिहिली असेल तर थांबा

आरोग्य शिबिराच्या वहीत उंची ‘५.१०’ अशी लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ५ फूट १० इंच, पण तो टिंब दशांशचिन्ह नव्हे. एक्सेलमध्ये तसंच टाईप केलं की शेवटचं शून्य उडतं आणि उरतं ५.१, म्हणजे ५ फूट १ इंच. १७७.८ सेंमीचा माणूस १५४.९ सेंमीचा होतो. वजन ७० किलो असेल तर त्याचा बीएमआय २२ वरून थेट २९ वर जातो, आणि धडधाकट माणसाला वजन कमी करायचा सल्ला मिळतो.

म्हणून फूट आणि इंच वेगवेगळ्या रकान्यांत भरा. फूट B मध्ये, इंच C मध्ये, आणि D मध्ये हे सूत्र:

```
=ROUND((B2*12+C2)*2.54,1)
```

५ फूट ४ इंच म्हणजे ६४ इंच, उत्तर १६२.६. थेट ५.४ ला ३०.४८ ने गुणलंत तर १६४.६ येतं. चूक दोनच सेंमीची, म्हणून ती सहसा कुणाच्या नजरेत येत नाही.

इंचाच्या रकान्यात १२ किंवा जास्त दिसलं तर नोंद चुकलीच समजा. आधीच ५.१ भरलेल्या नोंदी मात्र कागदी वहीशीच ताडून पाहाव्या लागतात; उडालेलं शून्य कुठलंही सूत्र परत आणत नाही.