प्रीमियमच्या रूल टेबलची चाचणी करताना या चुका टाळा

आरोग्य विम्याच्या रूल इंजिनमध्ये बग सापडतो तो बहुतेक वेळा दोन अटी एकत्र येतात तिथे. तरी टेस्ट केस मात्र एकेका अटीच्या लिहिल्या जातात. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण असा टेबल तुमच्या प्रोजेक्टमध्येही सापडेल:

| नियम | वय | विमा रक्कम | प्रीमियम |
|---|---|---|---|
| 1 | 18 ते 35 | 5 लाखांपर्यंत | 6,000 |
| 2 | 36 ते 45 | 5 लाखांपर्यंत | 8,500 |
| 3 | 18 ते 45 | 5 लाखांहून जास्त | 12,000 |
| 4 | 45 ते 65 | 5 लाख किंवा जास्त | 16,000 |
| 5 | 46 ते 65 | 5 लाखांहून कमी | 11,000 |

वय एकीकडे, रक्कम दुसरीकडे

नेहमीची पद्धत अशी: रक्कम 3 लाख धरून ठेवायची आणि वयाच्या सगळ्या सीमा तपासायच्या, मग वय 30 धरून 5 लाखांच्या अलीकडे-पलीकडे बघायचं. वरच्या टेबलवर हे सगळं हिरवं येतं. 45 वर्षं आणि 5 लाख ही जोडी मात्र कुणीच टाकलेली नसते, आणि तिथे नियम 2 आणि 4 दोन्ही लागू होतात. 8,500 की 16,000?

सीमेवरची वयं सहा, रकमा तीन. म्हणजे अठराच केस. त्यात कंजुषी करायचं कारण नाही. 17 आणि 66 यांना नकार मिळतो का, हे वेगळं बघा.

प्रीमियम बरोबर आला का, याच्या आधी किती नियम जुळले ते मोजा. `RULES` मध्ये टेबलच्या ओळी पूर्ण रुपयांत भरल्या, म्हणजे '5 लाखांहून जास्त' हे 500001 पासून, की एवढंच पुरतं:

```python
for age in (18, 35, 36, 45, 46, 65):
    for cover in (499999, 500000, 500001):
        hit = [r.no for r in RULES
               if r.age_lo <= age <= r.age_hi
               and r.c_lo <= cover <= r.c_hi]
        if len(hit) != 1:
            print(age, cover, hit)
```

उत्तर येतं:

```
45 500000 [2, 4]
45 500001 [3, 4]
```

चूक एकच आहे: नियम 4 चं वय 46 पासून हवं होतं, किंवा 2 आणि 3 चं 44 पर्यंत आणि 5 चं 45 पासून. कोणतं बरोबर, ते प्रॉडक्ट टीमच्या मंजूर दरपत्रकावरून ठरवा. टेबलवरूनच 'अपेक्षित उत्तर' काढणारे टेस्टर असतात. त्यांची टेस्ट कधीच फेल होत नाही.

हिट पॉलिसीवर भिस्त

डिसिजन टेबलला `F` म्हणजे 'फर्स्ट' हिट पॉलिसी असेल, तर वरून पहिली जुळलेली ओळ घेतली जाते. 45 आणि 5 लाखांना 8,500 मिळतात, सगळे खूश. पुढे कुणीतरी टेबल वाचायला सोपा व्हावा म्हणून मोठ्या प्रीमियमच्या ओळी वर नेतो आणि त्याच माणसाचा कोट 16,000 होतो. नियम एकही बदललेला नसतो, त्यामुळे रिव्ह्यूमध्ये कुणाचं लक्ष जात नाही. ओळींची अदलाबदल करून तीच अठरा उत्तरं पुन्हा येतात का, हे पाहिलं की असं अवलंबित्व उघडं पडतं.

ओळी एकमेकींवर यायलाच नको असतील तर `U` म्हणजे 'युनिक' लावा. पण तिथेही एरर साधारणपणे तसा इनपुट आल्यावरच दिसते. 45 आणि 5 लाखांची केस नसेल, तर ती प्रॉडक्शनमध्येच भेटेल.

वय म्हणजे नेमकं कोणतं वय?

वरचा कोड एक गोष्ट पकडू शकत नाही. त्यात वय पूर्णांक आहे. प्रत्यक्षात कुणी दिवसांना 365.25 ने भागून 35.5 पाठवलं, तर ते 35 मध्येही बसत नाही आणि 36 मध्येही. 3 लाखांसाठी एकही नियम जुळत नाही. 7 लाखांसाठी मात्र नियम 3 लागतो आणि सगळं सुरळीत वाटतं. अशी तक्रार 'कधी कधी प्रीमियम रिकामा येतो' या शब्दांत येते आणि लोक आधी नेटवर्कला दोष देतात. 35.5 आणि 45.5 ही वयं लहान-मोठ्या दोन्ही रकमांबरोबर टाकून पाहा.

वय कुठल्या तारखेला मोजायचं, हाही प्रश्न आहेच. जन्म 10 जून 1980, कोट 8 जून 2026 रोजी, पॉलिसी सुरू 12 जून 2026 रोजी. कोटच्या दिवशी पूर्ण वय 45, सुरुवातीच्या दिवशी 46. 3 लाखांसाठी हा फरक 8,500 आणि 11,000 चा. त्यात काही प्रॉडक्टमध्ये पूर्ण वय न घेता जवळच्या वाढदिवसाचं वय घेतात. मग याच माणसाचं वय दोन्ही दिवशी 46 निघतं. म्हणून टेस्ट डेटात वयाचा आकडा लिहू नका. जन्मतारीख आणि पॉलिसीची सुरुवात द्या, वय इंजिनला काढू द्या. 29 फेब्रुवारीला जन्मलेला एक ग्राहक त्यात असू द्या.